गाडी घ्यायचीय: सात लाखांचं कर्ज काढू की एफडी मोडू? शोरूमच्या कागदाने डोकं फिरवलंय

सातपूरकर | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. पंधरा दिवस झाले, घरात दुसरा विषय नाही. पहिलीच गाडी आहे. एक्स-शोरूम ७ लाख ९०, आरटीओ टॅक्स ११ टक्क्यांनी जवळपास ८७ हजार, विमा आणि बाकीचं किडूकमिडूक धरून ऑनरोड सव्वानऊ लाख.

आमची परिस्थिती: दोघांचा मिळून हातात येणारा पगार ८८ हजार. घराचा हप्ता १९ हजार, घरखर्च चाळीसच्या आसपास (त्यात मुलीची शाळा आली). जमा म्हणाल तर तीन-तीन लाखांच्या तीन एफडी आणि सेव्हिंगला दोन लाख. एकूण ११ लाख. अकरा वर्षं लागली हे जमायला.

मी ठरवलं होतं की एफडी मोडायच्या आणि गाडी आणायची. वडील एसटीत होते, त्यांचं तर आयुष्यभराचं वाक्य आहे, ऋण काढून सण करायचा नाही. पण शोरूममधल्या पोराने माहितीपत्रकाच्या मागे पेनाने हिशोब करून दिला. सात लाखांचं लोन, ९ टक्के, ५ वर्षं, हप्ता १४,५३१. एकूण व्याज द्याल १ लाख ७२ हजार. तेच सात लाख ७ टक्क्यांच्या एफडीत राहिले तर व्याज मिळेल २ लाख ९०. म्हणजे लोन घेऊन १ लाख १८ हजार फायदा! त्या आकड्याभोवती त्याने दोनदा गोल काढला.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "मग बँकवाले वेडे आहेत का, पैसे देऊन वर आपला फायदा करायला?" मला उत्तर देता आलं नाही. कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं तर आकडे बरोबर येतात. चूक कुठे आहे? की चूक नाहीच?

कंपाउंडिंग_किडा | शनिवार, रात्री १०:४०

चूक नाही. लोनचं व्याज घटत्या शिलकीवर असतं, एफडीचं चक्रवाढ. हे बहुतेकांना कळत नाही आणि मग ते रोखीने गाडी घेतात. गाडी ही घसरणारी वस्तू आहे, तिच्यात स्वतःचे पैसे अडकवायचेच कशाला? बँकेचे वापरा. आणि ते सात लाख एफडीतही नको, सरळ इंडेक्स फंडात टाका. १२ टक्के धरलेत तरी पाच वर्षांत गाडी फुकट पडते.

तात्या_इस्लामपूर | शनिवार, रात्री ११:०५

सव्वानऊ लाख रोख घेऊन शोरूमला जाऊ नका. दोन लाख किंवा त्यावर रोकड घ्यायला कायद्याने बंदी आहे, ते घेणारच नाहीत. माझा मेव्हणा उसाचं बिल आल्यावर पिशवी घेऊन गेला होता, तसाच परत आला. वर रस्ताभर पिशवी मांडीवर.

सातपूरकर | शनिवार, रात्री ११:११

तात्या, रोख म्हणजे आरटीजीएस हो. नोटा नाहीत. :)

जमाखर्च | रविवार, सकाळी ७:२५

बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली नऊ कर्ज विभागात. हा कागद मी निदान पन्नास वेळा पाहिलाय. गोलसुद्धा तिथेच असतो.

सातपूरकर, वहिनींचा प्रश्न एकदम बरोबर आहे. कागदातले दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त त्यांची तुलना होत नाही. एफडीत सात लाख पाचही वर्षं पूर्ण सात लाख राहतात, उलट वाढतात. कर्जाचं तसं नाही. तुम्ही दर महिन्याला फेडत असता. तीन वर्षांनी तुमच्याकडे बँकेचे ३ लाख १८ हजारच उरलेले असतात. तेवढ्यावरच व्याज लागतं, म्हणून ते कमी दिसतं. बँकेने स्वस्तात पैसे दिले असं नाही, तिने दिलेले पैसे तुम्ही परत करत आणलेत.

आता पुढचा प्रश्न विचारा. दर महिन्याचे ते १४,५३१ आले कुठून? पगारातून. म्हणजे कर्ज घेणाऱ्या सातपूरकरांनी एफडी ठेवली आणि वर पाच वर्षं पगारातून हप्ता भरला. एफडी मोडणाऱ्या सातपूरकरांना हप्ताच नाही. त्यांचे दरमहा १४,५३१ मोकळे आहेत, आणि कागदावर त्यांचं नावसुद्धा नाही. तेच पैसे त्यांनी ७ टक्क्यांच्या आरडीत टाकले तर पाच वर्षांनी साधारण १० लाख ४० हजार होतात. एफडी ठेवणाऱ्याचे झाले ९ लाख ९०. गाडी दोघांकडेही आहे, पगार सारखाच आहे, आणि कर्जवाला पन्नास हजारांनी मागे आहे.

मला कर्मचाऱ्यांना शिकवायची वेळ यायची तेव्हा मी एवढंच सांगायचो: ९ टक्क्यांनी घेऊन ७ टक्क्यांनी ठेवलं तर नुकसानच होणार, मग कागद कितीही मोठा असो.

निळी_शाई | रविवार, सकाळी ८:०२

बाप रे. सहा वर्षांपूर्वी मला हाच कागद मिळाला होता आणि मी तो ऑफिसमध्ये दोघांना समजावून सांगितला. त्या दोघांनीही लोन घेतलं.

कंपाउंडिंग_किडा | रविवार, सकाळी ९:३०

काका, आरडीला आता ७ टक्के कुठे मिळतात? दर खाली आलेत. तुमचा हिशोब तिथेच कोसळतो.

जमाखर्च | रविवार, सकाळी ९:५२

उलटा होतो. दर उतरले तर एफडीलाही तेच लागू, ती संपली की नव्या दरानेच पुढे जाणार. दोन्हीकडे ६ टक्के धरून करा: एफडी ९ लाख ४३, आरडी १० लाख १३. फरक पन्नासचा सत्तर हजार झाला. कर्जाचा दर आणि ठेवीचा दर यांतली फट जेवढी रुंद, तेवढं कर्ज महाग. कर भरत असाल तर अजून थोडं, कारण एफडीचं व्याज तुमच्या उत्पन्नात मिळवलं जातं पण नोकरदाराला कार लोनच्या व्याजाची वजावट मिळत नाही.

इंडेक्स फंडाचं म्हणाल तर १२ टक्के मिळतीलही, नाही असं नाही. पण हप्ता ठरलेल्या तारखेलाच जाणार आणि बाजार त्या तारखेला काय करेल ते कोणी लिहून देत नाही.

वरणभात | रविवार, सकाळी १०:४४

हे लिहून देणाऱ्यांनीच मला बुडवलं होतं. २०१९ च्या दिवाळीत लोनवर गाडी घेतली, चार लाख फंडात ठेवले, याच हिशोबाने. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांवर, २३ मार्चला २६ हजारांच्या खाली. एप्रिलपासून पगार ३० टक्के कापला. हप्ता थांबवायची सवलत मिळाली म्हणून घेतली, पण त्या महिन्यांचं व्याज चढतच होतं, ते नंतर कळलं. शेवटी मे महिन्यात तोट्यात फंड विकले. वर्षभर थांबलो असतो तर सगळं भरून आलं असतं हे मलाही माहीत आहे. थांबायला हातात काही नव्हतं.

कंपाउंडिंग_किडा | रविवार, सकाळी ११:०१

ते अपवादात्मक वर्ष होतं. पण ठीक आहे, पाच वर्षांसाठी शेअर बाजार हा मुद्दा मागे घेतो. लोन वाईट हे अजूनही पटलेलं नाही.

मंजिरी_कोथरूड | रविवार, दुपारी १२:२०

किडा यांच्या बाजूने थोडं बोलते, कारण वेगळं आहे.

२०२२ मध्ये आम्ही साडेसहा लाख एकरकमी भरून गाडी घेतली. खूप अभिमान वाटला होता, गाडीवर बँकेचं नाव नाही म्हणून. बँकेत ऐंशी हजार उरले. पाचव्या महिन्यात सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, इम्प्लांट, मग घरी बाई. विम्याने खोलीच्या भाड्याच्या मर्यादेचं कारण देऊन बिलातली बरीच रक्कम कापली. आम्हाला तीन लाखांचं पर्सनल लोन घ्यावं लागलं, १४ टक्क्यांनी. वर्षभर मुदतीआधी फेडायची सोय नाही, नंतर फेडलं तर दंड. गाडी दारात उभी होती, पण तिचं एक चाक विकून बिल भरता येत नाही ना.

काकांचा पन्नास हजारांचा हिशोब बरोबर असेल. पण आम्ही रोखीने घेऊन जे वाचवलं असतं त्याहून जास्त त्या लोनमध्ये गेलं. आणि खरं सांगू? हप्ता नव्हता म्हणून दरमहा वाचणारे बारा-तेरा हजार आम्ही आरडीत टाकले नाहीत. कशात गेले तेही आठवत नाही.

जमाखर्च | रविवार, दुपारी १:१५

मंजिरीताई, तुमचं म्हणणं माझ्या हिशोबाच्या विरुद्ध नाही, पण माझ्या हिशोबात ते नव्हतं हे कबूल. व्याज किती हा एक प्रश्न, आणि गाडी आणल्यावर बँकेत किती उरतं हा दुसरा. सातपूरकरांनी सगळं भरलं तर पावणेदोन लाख उरतात. दरमहा ५९ हजार घराबाहेर जातात, म्हणजे तीन महिन्यांचीही बेगमी पूर्ण होत नाही. दोघांपैकी एकाची नोकरी जरी सहा महिने हलली तरी अवघड आहे.

म्हणून आकडा बदला. सात लाखांचं पाच वर्षांसाठी नको. चार लाखांचं, तीन वर्षांसाठी. हप्ता १२,७२०, तुम्हाला जमण्यासारखा. सव्वापाच लाख स्वतःचे घाला, पावणेसहा लाख हाताशी राहतात. वरच्याच पद्धतीने, ७ टक्क्यांच्या ठेवीशी तुलना केली तर या कर्जाने तीन वर्षांत साधारण १५ हजारांचं नुकसान होतं, प्रोसेसिंग फी वेगळी. चार लाख हाताशी असण्याचं ते भाडं समजा. मला ते महाग वाटत नाही.

सात वर्षांचं मात्र कोणी दाखवलं तर उठून या. सात लाखांना हप्ता ११,२६२ वर येतो, बरं वाटतं, आणि व्याज अडीच लाखांच्या घरात जातं. शिवाय चौथ्या-पाचव्या वर्षी गाडी विकावीशी वाटली तर विकून येणारे पैसे आणि उरलेलं कर्ज जेमतेम जुळतं.

दातांचा_डॉक्टर | रविवार, दुपारी २:४०

मी तर दोन्ही गाड्या लोनवरच घेतल्या. माझे सीए म्हणतात व्याज खर्चात दाखवा, वर १५ टक्के घसारा. टॅक्स वाचतो. डोळे झाकून लोन घ्या.

निळी_शाई | रविवार, दुपारी २:५५

डॉक्टर, तुमचं क्लिनिक आहे. धागाकर्ते पगारदार आहेत. त्यांना घसाराही नाही आणि व्याजही नाही.

दातांचा_डॉक्टर | रविवार, दुपारी ३:०२

अरे हो. मग माझा प्रतिसाद रद्द समजा.

माजी_शोरूम | रविवार, सायंकाळी ६:३०

चार वर्षं शोरूमच्या फायनान्स टेबलावर बसलोय (आता त्या धंद्यात नाही), म्हणून आतली गोष्ट सांगतो. पोरगा लोनसाठी एवढा मागे का लागतो? कारण प्रत्येक लोनमागे बँकेकडून शोरूमला कमिशन येतं. विम्यावरही येतं. एकरकमी पैसे भरणारं गिऱ्हाईक आम्हाला फारसं गोड नसायचं. पूर्वी लोकांना वाटायचं रोखीने घेतलं तर सूट जास्त, आता बऱ्याचदा उलट होतं. 'फायनान्स ऑफर' म्हणून दाखवलेली सूट लोन नाही म्हटलं की गायब होते.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिल्यांदा फक्त गाडीचा भाव ठरवा, पैसे कसे देणार ते बोलूच नका. विचारलं तर "बघू, दोन्ही चालतंय" म्हणा. भाव कोटेशनवर लिहून, सही-शिक्का घेऊन झाला की मग लोनचा विषय काढा. तोपर्यंत पगाराचं खातं असलेल्या बँकेचा दर खिशात असू द्या.

आणि कोटेशन ओळ न ओळ वाचा. 'हँडलिंग चार्जेस' दिसले तर काढायला सांगा, निघतात. लोनच्या कागदात 'लोन सुरक्षा' नावाचा विमा घातलेला असतो, तो कर्जाच्या रकमेतच मिळवतात, त्यामुळे त्यावरही व्याज जातं. तो सक्तीचा नाही. दर विचारताना "फ्लॅट की रिड्युसिंग" हे एवढंच विचारा. ५ टक्के फ्लॅट ऐकायला किती छान, पण सात लाखांवर पाच वर्षांना हप्ता १४,५८३ बसतो. तुमच्या ९ टक्केवाल्या हप्त्यापेक्षा बावन्न रुपये जास्तच.

सातपूरकर | रविवार, रात्री ९:१०

आत्ता कोटेशन काढून बघितलं. हँडलिंग ६,५०० आहे. आणि 'एलएस प्रीमियम' १३,८०० असं बारीक अक्षरात लिहिलंय, मला वाटलं गाडीच्या विम्याचाच भाग असेल. तोच का हा?

माजी_शोरूम | रविवार, रात्री ९:१४

तोच. दोन्ही काढायला लावा.

तात्या_इस्लामपूर | रविवार, रात्री ९:४०

मग एफडीवरच कर्ज का काढत नाही? आमच्या पतसंस्थेत ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत देतात, दर ठेवीपेक्षा एक टक्का जास्त. ना हप्ता, ना आरसीवर बोजा, ना चकरा. अर्ध्या तासात काम.

मंजिरी_कोथरूड | रविवार, रात्री ९:५८

तात्या, हे भारी आहे की! ७ ची एफडी, ८ चं कर्ज. हे आधी कोणी का नाही सांगितलं?

जमाखर्च | सोमवार, सकाळी ६:५०

तात्यांनी या वेळी नेम बरोबर साधलाय. बँकाही देतात, ठेवीवर ओव्हरड्राफ्ट म्हणून. जेवढे वापरले तेवढ्यावर, तेवढ्या दिवसांचंच व्याज. महिन्याला चौदा-साडेचौदा हजार भरत गेलात तर चार लाख अडीच वर्षांत फिटतात. एफडी मुदतीआधी मोडल्यावर व्याजदर कापतात, तेही टळतं.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. ती ठेव आता गहाण आहे. म्हणजे मंजिरीताईंच्या सासूबाईंसारखी वेळ आली तर ती मोडून पैसे हातात येणार नाहीत, आधी कर्ज वळतं होणार. हे स्वतःचेच पैसे स्वतःला देणं झालं. एफडी मोडून गाडी घेण्यासारखंच, फक्त परत भरायची शिस्त लागते आणि भराल तितकी उचलायची मर्यादा पुन्हा मोकळी होते. अडचणीला हात मोकळा हवा असेल तर कर्ज बाहेरचंच लागेल.

तात्या_इस्लामपूर | सोमवार, सकाळी ८:१५

शिस्तीचं काय, ज्याला हप्ता नाही तो भरत नाही हेही खरं. आमच्या संस्थेत ठेवतारण घेतलेले निम्मे लोक फक्त व्याज भरतात आणि मुदत संपली की ठेव वळती करून मोकळे होतात. पण बाहेरचं कर्ज ते बाहेरचं. मी एफडीवालंच घेईन.

वरणभात | सोमवार, सकाळी ८:४०

आणि मी बाहेरचं घेईन. पगार कापलेला माणूस आहे मी, हातातले पैसे सोडत नाही.

निळी_शाई | सोमवार, सकाळी १०:०५

लोन घेतलंत तर शेवटचं एक काम विसरू नका, मी विसरले होते. २०२१ मध्ये शेवटचा हप्ता गेला, बँकेने एनओसी आणि फॉर्म ३५ च्या दोन प्रती पाठवल्या, मी त्या फाइलमध्ये नीट ठेवल्या आणि संपलं असं समजले. गेल्या वर्षी गाडी विकायला काढली तर आरसीवर बँकेचा बोजा तसाच. एनओसीची मुदत तीन महिने, ती कधीच उलटली होती. आमची शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झालेली, तिथे जुनी फाइल सापडेना. नवी एनओसी मिळायला सात आठवडे लागले, तोवर ठरलेलं गिऱ्हाईक गेलं. कागद हातात आला की त्याच आठवड्यात आरटीओचं काम करा, आणि विम्यावरचंही बँकेचं नाव काढून घ्या.

आणखी एक. दर फिक्स्ड आहे की फ्लोटिंग ते विचारा. फ्लोटिंग असेल तर आपल्यासारख्यांकडून मुदतीआधी फेडल्याचा दंड घेता येत नाही. फिक्स्ड असेल तर मंजूरीपत्रात दंडाची ओळ शोधा.

सातपूरकर | बुधवार, रात्री १०:३०

सर्वांचे आभार. काय झालं ते सांगतो.

सोमवारी संध्याकाळी पगाराच्या खात्याच्या बँकेत गेलो. चार लाख, तीन वर्षं, दर शोरूमने सांगितला त्याहून पाव टक्का कमी, फ्लोटिंग. काल शोरूमला गेलो. माजी_शोरूम यांनी सांगितलं तसं आधी भावच ठरवला. हँडलिंग निघालं, पण "सर मग ॲक्सेसरीजमध्ये ॲडजस्ट करतो" म्हणत त्याने मॅटचे दोन हजार वाढवले, ते आम्ही हसत सोडले. एलएस प्रीमियम काढा म्हटल्यावर तो म्हणाला, "ते बँकेचं कंपल्सरी आहे." बायको म्हणाली, "बँक आमची आम्ही बघितलीय." मग गप्प झाला.

शेवटी मी त्याला विचारलं की हप्त्याचे पैसे आरडीत टाकले तर किती होतात, ते कागदावर का नाही लिहिलं? तो बिचारा खरंच विचारात पडला. म्हणाला, "सर, आम्हाला ट्रेनिंगमध्ये एवढंच शिकवलंय."

वडिलांना मात्र अजून पटलेलं नाही. अकरा लाख असताना कर्ज कशाला, एवढंच म्हणतात. पंधरा हजारांचं भाडं वगैरे समजावून सांगितलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग मला दे पंधरा हजार, मी सांभाळतो तुझे चार लाख."

आता एक शंका उरलीय. पुढच्या महिन्यात एक एफडी संपतेय. ती सव्वापाच लाखांत घालायची, की ती नव्या दराने पुढे चालू ठेवून, जिची दोन वर्षं राहिलीत ती मोडायची? बँकेतल्या मॅडम म्हणाल्या संपणारीच घ्या, पण नव्या एफडीला दर कमी आहे हेही त्याच म्हणाल्या.

जमाखर्च | गुरुवार, सकाळी ७:०५

संपणारी घ्या. ७ टक्क्यांवर दोन वर्षं बांधलेली ठेव या दिवसांत कोणी मोडतं का! वर मोडल्याबद्दल व्याज कापतील ते वेगळं. मात्र संपणारीची तारीख आणि गाडीच्या डिलिव्हरीची तारीख यांत किती दिवस आहेत ते आधी सांगा. आठ-दहा दिवसांचाच प्रश्न असेल तर तात्यांचा ओव्हरड्राफ्ट तेवढ्यापुरता कामी येईल.

तात्या_इस्लामपूर | गुरुवार, सकाळी ७:४०

बघा, आले शेवटी आमच्याच दारात. रंग कोणता घेतला ते कोणी विचारलंच नाही.

सातपूरकर | गुरुवार, सकाळी ८:२०

डिलिव्हरी १२ तारखेला, एफडी २१ ला संपते. नऊ दिवस. रंग पांढरा. मुलीला लाल हवा होता, त्याला दीड महिना वेटिंग आहे, त्यामुळे सध्या ती आमच्याशी बोलत नाही.